मेसेजमध्ये “10 AM EST” लिहिलंय, मग आपल्याकडे नक्की किती वाजता?

२०२५चा ऑगस्ट. गणपती चार दिवसांवर आले होते आणि मला न्यू जर्सीतल्या एका मराठी मंडळाच्या कार्यकर्त्याची व्हिडिओ कॉलवर मुलाखत घ्यायची होती. त्यांचा मेसेज आला, “Saturday 10 AM EST”. मी ईएसटी आणि भारत यांच्यातला फरक शोधला. साडेदहा तास. म्हणजे आपल्याकडे रात्री साडेआठ. शनिवारी सव्वाआठलाच लॅपटॉप उघडून बसले, तर त्यांचे दोन मिस्ड कॉल आणि एक मेसेज येऊन पडलेला. ते साडेसातपासून वाट बघत होते आणि आता मूर्तीच्या कामासाठी निघून गेले होते.

गंमत म्हणजे माझा हिशोब बरोबर होता. चुकलेलं होतं ते मेसेजमधलं एक अक्षर.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर वर्षभर एकच वेळ चालत नाही. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिथली घड्याळं एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत एक तास मागे घेतात. यालाच डेलाइट सेव्हिंग टाइम म्हणतात. थंडीत जी वेळ असते तिचं नाव ईएसटी, म्हणजे ईस्टर्न स्टँडर्ड टाइम. उन्हाळ्यात तीच ईडीटी होते, ईस्टर्न डेलाइट टाइम. पण बोलताना आणि लिहिताना तिकडची बरीच मंडळी बारा महिने ईएसटीच म्हणतात. त्यांच्या डोक्यात अर्थ एवढाच असतो की “आमच्या इथल्या घड्याळात दहा वाजता”. आपण मात्र ते अक्षरशः घेतो आणि एक तास उशिरा पोहोचतो.

त्यामुळे उन्हाळ्यात कुणी ईएसटी लिहिलं, तर सरळ विचारायचं, “म्हणजे तुमच्या घड्याळात दहा ना?” आणि ती व्यक्ती कोणत्या शहरात आहे तेही. कारण शहर कळलं की बाकी सगळं शोधता येतं. तीन अक्षरांवरून ते जमेलच असं नाही. आपलंच बघा ना. आयएसटी म्हटलं की आपल्याला भारतीय प्रमाणवेळ आठवते, पण इस्रायलची प्रमाणवेळही आयएसटी आणि आयर्लंडची उन्हाळी वेळही आयएसटीच. डब्लिनच्या सहकाऱ्याने जुलैमध्ये “2 PM IST” लिहिलं आणि ती त्याची वेळ असली, तर आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतील.

हिशोब कसा करायचा?

थेट न्यू यॉर्कहून पुण्याला उडी मारण्यापेक्षा मध्ये यूटीसीवर थांबावं. यूटीसी ही जगभराची संदर्भवेळ आहे. तिची घड्याळं उन्हाळ्या-हिवाळ्यात पुढेमागे होत नाहीत. भारत वर्षभर यूटीसीच्या साडेपाच तास पुढे असतो. हा अर्धा तास कुठून आला? आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर धरलेली आहे आणि दर १५ अंशांना एक तास असा हिशोब असतो, म्हणून साडेपाच. तोंडी बेरीज करताना हाच अर्धा तास सगळ्यात जास्त वेळा विसरला जातो.

आता माझीच मुलाखत घ्या. ऑगस्टमध्ये न्यू जर्सी यूटीसीच्या चार तास मागे असते. तिथले सकाळचे १० म्हणजे यूटीसीनुसार दुपारचे २. त्यात साडेपाच तास मिळवले की संध्याकाळचे साडेसात. हीच मुलाखत जानेवारीत असती, तर न्यू जर्सी पाच तास मागे, म्हणजे यूटीसीनुसार दुपारचे ३ आणि आपल्याकडे रात्रीचे साडेआठ.

वेळ काढून झाली की वार तपासायचा. कॅलिफोर्नियाच्या टीमने जुलैमध्ये “गुरुवारी संध्याकाळी ६” असं कळवलं, तर तेव्हा ते यूटीसीच्या सात तास मागे असतात. सहा अधिक सात, म्हणजे यूटीसीनुसार मध्यरात्रीचा एक, आणि तोही शुक्रवारचा. आपल्याकडे शुक्रवारी सकाळचे साडेसहा. गुरुवारी संध्याकाळी तयार होऊन बसलात, तर कॉलवर तुम्ही एकटेच.

दुबई किंवा सिंगापूरशी काम करणाऱ्यांना हा ताप नाही. तिथे घड्याळं हलवत नाहीत. दुबई कायम आपल्या दीड तास मागे, सिंगापूर कायम अडीच तास पुढे. पाठ करून टाका.

मग “time in New York” सर्च केलं की झालं ना?

नाही. इथे दुसरी मेख आहे. तो सर्च तुम्हाला आजचा फरक दाखवतो, मीटिंगच्या दिवसाचा नाही. २०२६चं उदाहरण घेऊ. अमेरिकेची घड्याळं ८ मार्चला पुढे जातात. ५ मार्चला तुम्ही फरक बघितलात तर साडेदहा तास दिसेल. पण मीटिंग १० मार्चला असेल, तर त्या दिवशी फरक साडेनऊच आहे. म्हणून कन्व्हर्टर वापरताना त्यात तारीख टाकता येते का ते बघा. टाकता येत नसेल तर मार्च आणि नोव्हेंबरच्या आसपास त्याच्या भरवशावर राहू नका.

त्यात लंडनही असेल तर मजाच. ब्रिटनची घड्याळं मार्चच्या शेवटच्या रविवारी, म्हणजे २०२६मध्ये २९ मार्चला पुढे जातात. मधले तीन आठवडे अमेरिका पुढे गेलेली आणि ब्रिटन अजून मागेच. समजा न्यू यॉर्कची दर मंगळवारी सकाळी १०ची मीटिंग आहे. फेब्रुवारीत ती लंडनला दुपारी ३ला आणि पुण्यात रात्री साडेआठला होते. १० मार्चला लंडनला २ आणि पुण्यात साडेसात. ३१ मार्चला लंडन परत ३वर येतं, पुणे मात्र साडेसातलाच राहतं. भारतात कुणीच घड्याळाला हात लावला नाही, तरी मीटिंग आपली सरकली.

दर आठवड्याच्या अशा मीटिंगमध्ये नक्की कोण सरकणार, हे कॅलेंडरमध्ये ती कोणत्या टाइम झोनमध्ये बनवली त्यावर ठरतं. न्यू यॉर्कच्या मॅनेजरने बनवली तर ती त्यांच्या १०ला चिकटलेली असते आणि आपण हलतो. पुण्याच्या लीडने संध्याकाळी ७ची बनवली तर उलटं होतं. न्यू यॉर्कला उन्हाळ्यात ती सकाळी साडेनऊला असते आणि नोव्हेंबरमध्ये घड्याळं मागे गेली की साडेआठला. मुलांना शाळेत सोडून ऑफिसला येणाऱ्याला हा एक तास चांगलाच जाणवतो.

गुगल कॅलेंडरमध्ये लॅपटॉपवर मीटिंग एडिट करताना वेळेजवळ Time zone असा पर्याय असतो. तिथे कोणतं शहर निवडलंय ते एकदा उघडून बघा. परदेशातल्या कामानिमित्त सेटिंग बदलून आलेल्यांचं तिथे हमखास जुनंच शहर राहिलेलं असतं, आणि मग इन्व्हाइट बरोबर दिसत असूनही वेळ चुकीची जाते.

माझी ती मुलाखत दुसऱ्या दिवशी झाली. या वेळी मेसेज मी पाठवला: “रविवार २४ ऑगस्ट, तुमच्याकडे न्यू जर्सीत सकाळी १०, माझ्याकडे पुण्यात संध्याकाळी ७:३०. बरोबर ना?” पाच मिनिटांत अंगठा आला.