साडेपाच तास मागे पडणारे घड्याळ

एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि उबुंटू. दुपारी तीनला उबुंटू बंद करून विंडोज उघडले, तर घड्याळ सकाळचे साडेनऊ दाखवते. मदरबोर्डवरची बटणसेल संपली असती तर तारीखही बहुधा भलतीच दिसली असती. इथे फरक नेमका साडेपाच तासांचा आहे आणि तोच दोषी कोण ते सांगतो.

मदरबोर्डवरचे घड्याळ फक्त आकडे जपते. ते कुठल्या गावचे, हे त्याला ठाऊक नसते. लिनक्स त्यात जागतिक वेळ, म्हणजे साडेनऊ, लिहितो आणि पडद्यावर साडेपाच तास मिळवून दाखवतो. डॉसच्या काळापासूनची सवय जपणारे विंडोज तेच आकडे स्थानिक वेळ समजते. विंडोजने इंटरनेटवरून वेळ सुधारून तीन लिहिले, की पुढच्या खेपेला उबुंटू सुरुवातीला रात्रीचे साडेआठ दाखवणार!

सोपा उपाय लिनक्सला विंडोजच्या रीतीने वागायला लावण्याचा:

```
timedatectl set-local-rtc 1
```

यावर लिनक्स कुरकुरतो, कारण उन्हाळ्यात घड्याळे पुढे सरकवणाऱ्या देशांत दोन्ही प्रणाली तोच तास दोनदा बदलू शकतात. भारतात ती भानगड नाही.