गोड किती, याहून गोड किती वेळा

वसई-विरारमधल्या कुठल्याही शाळेत दंततपासणीचं शिबिर घ्या आणि मुलांना विचारा, दात कशाने किडतात? अख्खा वर्ग एका सुरात ओरडतो, 'चॉकलेट!' उत्तर चुकीचं नाही, पण त्यामागे एक गैरसमज दडलेला आहे. मुलांना, आणि मागच्या बाकांवर बसलेल्या आयांनाही, वाटतं की दिवसभरात एकूण किती गोड खाल्लं त्यावर सगळं ठरतं. म्हणून घरात सगळी शक्ती 'एकच घे हं' एवढं बजावण्यात खर्च होते. ते एक चॉकलेट मूल कधी खातं, याकडे कोणी पाहत नाही. दाताच्या दृष्टीने खरा प्रश्न तोच आहे.

दातांवर जंतूंचा एक पांढरट, चिकट थर सतत धरत असतो. सकाळी उठल्यावर नखाने दात खरवडला तर हाताला लागतो तोच. मूल गोड खातं तेव्हा या जंतूंनाही साखर मिळते आणि काही मिनिटांतच ते आम्ल तयार करतात. त्या आम्लाने दाताच्या कठीण आवरणातले क्षार विरघळू लागतात. पुढच्या अर्ध्यापाऊण तासात लाळ हे आम्ल शमवते आणि गेलेले क्षार हळूहळू दातात परत भरते. अमेरिकेत रॉबर्ट स्टीफन यांनी 1940च्या दशकात दातांवरच्या या थराची आम्लता मोजून हा चढउतार दाखवून दिला. एका गोळीने हे चक्र एकदा फिरतं. पाच गोळ्या जेवणानंतर एकाच बैठकीत खाल्ल्या तरी ते साधारण एकदाच फिरतं. त्याच पाच गोळ्या दर तासाला एक अशा खाल्ल्या, तर मात्र पाचदा फिरतं आणि मधल्या वेळात लाळेला दुरुस्तीची फारशी उसंत मिळत नाही.

याचा पुरावा मिळाला तो एका दुःखद प्रयोगातून. स्वीडनमध्ये लुंड शहराजवळच्या व्हिपेहोम संस्थेत बौद्धिक अक्षमता असलेली माणसं राहत. 1940च्या दशकात त्यांची संमती न घेता त्यांच्यावर साखरेचे प्रयोग झाले. काहींना जेवणातून भरपूर साखर दिली, तर काहींना दोन जेवणांच्या मधे दाताला चिकटणारी टॉफी. 1954 मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष स्पष्ट होते. जेवणाबरोबर साखर घेणाऱ्यांची दातांची कीड फारशी वाढली नाही, पण मधल्या वेळी दिवसभर टॉफी खाणाऱ्यांचे दात झपाट्याने किडले. टॉफी बंद केल्यावर किडीचा वेगही उतरला. आज असा प्रयोग कोणी करूच शकणार नाही, आणि करूही नये. ज्यांनी आपले दात गमावून हे जगाला शिकवलं, त्यांच्याकडून निदान ते नीट शिकून तरी घ्यावं.

आता हे आपल्याकडच्या दिवसात बसवून पाहू. सकाळच्या शाळेत जाणारा नालासोपाऱ्यातला चौथीचा एखादा मुलगा डोळ्यांसमोर आणा. साडेसहाला चहा-बिस्किट. साडेआठला वर्गात कोणाचा तरी वाढदिवस, म्हणून चॉकलेट. दहाला मधल्या सुट्टीतला डबा. साडेबाराला शाळा सुटल्यावर फाटकाबाहेरची लिमलेटची गोळी, चघळत चघळत घरापर्यंत. सव्वाला जेवण. चारला क्रीमचं बिस्किट. साडेपाचला ट्यूशनमध्ये खिशातली पेपरमिंट. नऊला जेवण आणि दहाला झोपताना साखर घातलेलं दूध. म्हणजे आम्लाच्या नऊ फेऱ्या झाल्या. प्रत्येकीला अर्धा तास धरला तरी दिवसातले साडेचार तास त्याचे दात आम्लात असतात. आईला विचारलं तर ती अगदी प्रामाणिकपणे सांगेल, 'गोड फार नाही खात हो, एखादं चॉकलेट.'

यातला एकही पदार्थ काढून न टाकता फक्त वेळ बदलू. वाढदिवसाचं चॉकलेट, लिमलेटची गोळी आणि पेपरमिंट कंपासपेटीत ठेवून दुपारच्या जेवणानंतर लगेच एकत्र खायची. दूध रात्रीच्या जेवणाबरोबर घ्यायचं आणि ब्रश त्यानंतर करायचा. आता फेऱ्या राहिल्या पाच. मुलांना हा हिशेब फळ्यावर मांडून दाखवला की पटकन समजतो, कारण त्यात कोणी त्यांचं चॉकलेट हिसकावून घेत नाही. शाळांनी वाढदिवसाचं चॉकलेट पहिल्या तासाला वाटण्याऐवजी शाळा सुटताना हातात द्यावं आणि 'घरी जेवल्यावर खा' असं सांगावं. शिबिरातल्या भाषणापेक्षा या एका नियमाचा उपयोग जास्त होईल, असं माझं ठाम मत आहे.

इथे हमखास एक आजी विचारतात, 'चॉकलेट वाईट, पण आपली सुकेळी तर चांगली ना?' वसईची सुकेळी म्हणजे राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून केलेला आपल्या भागाचा खास मेवा. तिच्यात पोषण आहे आणि वरून घातलेली साखरही नाही. पण केळं वाळतं तेव्हा त्यातलं पाणी जातं आणि मूळची साखर थोडक्या जागेत दाटून राहते. शिवाय सुकेळी दाढांच्या खाचांत चिकटून बसते. दातावरच्या जंतूंना ती साखर कारखान्यातली की केळीच्या घडातली, याने काही फरक पडत नाही. गूळ, मध, खजूर, चिक्की यांचंही तसंच. म्हणून सुकेळी जरूर खावी, पण जेवताना. येता-जाता तुकडा तोडून तोंडात टाकू नये. मधल्या वेळी भूक लागलीच तर शेंगदाणे, चणे, काकडी, पेरू हे दातांना कितीतरी बरे.

'गोड खाल्लं तर लगेच ब्रश करायचा, म्हणजे झालं' हाही असाच एक समज. ब्रश हातात येईपर्यंत आम्ल तयार होऊन गेलेलं असतं. त्यातून चिंच, कैरी, लिंबू किंवा कोल्ड्रिंक असं आंबट काही खाल्लं-प्यालं असेल, तर आवरण तात्पुरतं मऊ झालेलं असतं आणि तेव्हा घासलं तर ते झिजतं. त्या वेळी पाण्याने खळखळून चूळ भरावी आणि ब्रश अर्ध्या तासाने करावा.

पण सगळ्यात महागात पडणारा गैरसमज वेगळाच आहे. 'दुधाचेच दात आहेत, पडणारच आहेत.' एक तर दुधाच्या शेवटच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात आणि त्या किडल्या की मूल जेवण टाळतं, रात्री रडत उठतं. दुसरं म्हणजे सहाव्या वर्षाच्या आसपास, दुधाच्या शेवटच्या दाढेच्याही मागे, वर-खाली, दोन्ही बाजूंना एकेक अशा चार नव्या दाढा येतात. त्या येताना कुठलाही दात पडत नाही, त्यामुळे घरात कोणाला पत्ताच लागत नाही. लागला तरी ती दुधाचीच समजली जाते. वास्तविक ती कायमची दाढ असते आणि जन्मभर चावायला तीच असते. पहिली-दुसरीतल्या मुलांना आरशात पाहून पुढून मागे दात मोजायला लावावेत. एका बाजूला, एका जबड्यात, मधल्या रेषेपासून सहावा दात दिसला, तर ती हीच दाढ.

ब्रश करायला शिकवताना मी सगळा भर या दाढेवर देते. उगवताना ती शेजारच्या दातांपेक्षा बुटकी असते. मूल नेहमीसारखा पुढेमागे ब्रश फिरवतं तेव्हा तो पुढच्या उंच दातांवरूनच सरकत राहतो आणि या दाढेला टेकतच नाही. तिच्यासाठी तोंड थोडंच उघडायचं, म्हणजे गाल सैल राहतो. मग ब्रश गालाच्या बाजूने आडवा आत घ्यायचा आणि त्या एकट्या दाढेवर दहा वेळा हलकेच फिरवायचा. बाकीचं सोपं आहे. दात मिटून बाहेरच्या बाजूंना हिरडीपासून छोटे गोल गोल काढायचे. आतली बाजूही तशीच, फक्त पुढच्या दातांच्या मागे ब्रश उभा धरायचा. चावायच्या बाजूंना मागेपुढे. सगळं मिळून दोन मिनिटं.

जोर लावायचा नाही. 'करकरून घासलं की दात चमकतात' या समजापायी हिरड्या सोलवटतात. ब्रशचे केस दोन-तीन आठवड्यांत बाहेर फाकले, तर जोर जास्त लागतोय हे ओळखावं. राखुंडी आणि कोळशाच्या पुडीने दात झिजतात. आणि मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. ती लावणाऱ्या घरातल्या बायकांकडे पाहून मुलीही लावायला शिकतात, म्हणून तिचं नाव शिबिरात स्पष्टपणे घ्यावं.

जाहिरातीत ब्रशभर पेस्टची लाट दाखवतात. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पुरते, त्याहून लहान बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी. पेस्टमध्ये फ्लोराइड आहे का, ते पाकिटावर पाहून घ्यावं, कारण क्षार परत भरायला तेच मदत करतं. घासून झाल्यावर फेस थुंकायचा आणि तिथेच थांबायचं. आपण तीन-तीनदा चूळ भरतो आणि ते फ्लोराइड बेसिनमध्ये सोडून देतो. रात्री झोपेत लाळ कमी होते, म्हणून सकाळचा ब्रश एखादे वेळी घाईत झाला तरी चालेल, रात्रीचा चुकवू नये. सात-आठ वर्षांपर्यंत मुलांचा हात नीट वळत नाही. तोवर त्यांचं घासून झालं की मोठ्यांनी मागे उभं राहून पुन्हा एकदा ब्रश फिरवावा.

इतकं सगळं नीट केलं तरी ब्रशला एक मर्यादा आहे. सहाव्या वर्षी येणाऱ्या त्या दाढेच्या माथ्यावरच्या खाचा ब्रशच्या केसापेक्षाही अरुंद असू शकतात. साखर तिथे पोचते, केस पोचत नाही. म्हणून ब्रश चांगला करणाऱ्या मुलांचीही हीच दाढ आधी किडते, आणि म्हणूनच मधल्या वेळचं गोड ब्रशने भरून काढता येत नाही. 'दुखत नाही म्हणजे किडलेली नाही' हेही खरं नाही, कारण दुखतं तेव्हा कीड बरीच आत गेलेली असते. घरी पाहायचं असेल तर उजेडात वरचा ओठ उचलून दात रुमालाने कोरडा करावा. हिरडीलगत खडूसारखा पांढरा, निस्तेज पट्टा दिसला तर ती सुरुवात असते. ती फ्लोराइडने आणि खाण्याच्या वेळा सुधारून थांबवता येते, बऱ्याचदा उलटवताही येते. खड्डा पडला की मात्र ती संधी गेली.

दाढेच्या खाचा डेंटिस्ट पातळ सीलंट भरून बंद करू शकतात. त्यात ना इंजेक्शन, ना ड्रिलिंग. अट एवढीच की दाढ पूर्ण वर आलेली हवी आणि भरताना कोरडी ठेवता यायला हवी. पहिली-दुसरीची मुलं त्याच वयाची असतात. शासनाच्या राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत आलं, की शिक्षकांनी नुसते 'दात बघा' असं न म्हणता 'सहा वर्षांची दाढ आली आहे का, खाचा स्वच्छ आहेत का' असं विचारावं आणि उत्तर मुलाच्या वहीत लिहून घरी पाठवावं.