गाडीचं अपडेट: कधी घरबसल्या, कधी गॅरेजमध्ये

फोनला जसं अपडेट येतं, तसं आता गाडीलाही येतं. तरीही कधी कधी कंपनी कळवते, 'गाडी सर्व्हिस सेंटरला घेऊन या.' असं का? एकाच गाडीच्या दोन गोष्टी वाचल्या की हे कळेल. ती गाडी म्हणजे टेस्ला मॉडेल ३.

पहिली गोष्ट: ब्रेक

मे २०१८ मध्ये अमेरिकेतल्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या संस्थेने ही गाडी तपासली. ताशी ६० मैल वेगात ब्रेक दाबल्यावर ती १५२ फुटांवर थांबली. हे अंतर फार जास्त होतं. ब्रेकचे भाग मात्र ठीक होते. जोरात ब्रेक दाबला की चाकं घसरू नयेत म्हणून एबीएस ही यंत्रणा ब्रेक क्षणात धरते, क्षणात सोडते. कधी धरायचा आणि कधी सोडायचा, हे सॉफ्टवेअर ठरवतं. कंपनीने ते बदलून गाड्यांना पाठवलं. काही दिवसांतच त्याच गाडीची पुन्हा चाचणी झाली. या वेळी ती १३३ फुटांवर थांबली. म्हणजे १९ फूट कमी, जवळपास एका पिकअप ट्रकच्या लांबीएवढं! आणि गाडीला एकही पाना लागला नव्हता.

अपडेट गाडीत कसं शिरतं?

आधी गाडी वायफायवरून किंवा मोबाइल नेटवर्कवरून फाइल उतरवून घेते. हे काम मागे शांतपणे चालतं. मग गाडी त्या फाइलवरची कंपनीची डिजिटल सही तपासते. सही जुळली नाही, तर फाइल नाकारली जाते. नाहीतर कोणीही खोटं सॉफ्टवेअर पाठवू शकेल.

पुढचं काम गाडी उभी असतानाच होतं. अनेक गाड्यांच्या मुख्य कॉम्प्युटरच्या मेमरीत दोन कप्पे असतात. एका कप्प्यात चालू सॉफ्टवेअर असतं. नवं सॉफ्टवेअर दुसऱ्या कप्प्यात लिहिलं जातं. ते नीट सुरू झालं, तर गाडी यापुढे तेच वापरते. काही बिघडलं, तर पहिला कप्पा आहेच! गाडी जुन्या सॉफ्टवेअरवर परत येते.

दुसरी गोष्ट: डिकीतली वायर

डिसेंबर २०२१ मध्ये टेस्लाने २०१७ ते २०२० च्या साडेतीन लाखांहून जास्त मॉडेल ३ गाड्या दुरुस्तीसाठी बोलावल्या. मागच्या कॅमेऱ्याची वायर डिकीच्या झाकणाजवळून जाते. डिकी उघडून आणि बंद करून ती वायर झिजू शकत होती. मग गाडी मागे घेताना स्क्रीनवर चित्रच दिसणार नाही, आणि मागे कोणी उभं असेल तर ड्रायव्हरला कळणार नाही. इथे अपडेटचा काय उपयोग? सॉफ्टवेअर मेमरीतलं बदलू शकतं, तुटलेली वायर जोडू शकत नाही. म्हणून मेकॅनिकने प्रत्येक गाडीची वायर बघायची, तिला संरक्षण देणारा भाग बसवायचा, आणि गरज असेल तर वायरच बदलायची, असं ठरलं.

सॉफ्टवेअरच आहे, तरी गॅरेज?

हो, असंही होतं. गाडीत एकच कॉम्प्युटर नसतो. इंजिन, एअरबॅग, दरवाजे अशा कामांसाठी वेगवेगळे छोटे कॉम्प्युटर असतात. काही गाड्यांत यांतल्या काहींपर्यंत हवेतून अपडेट पोचायची सोयच नसते. काहींच्या मेमरीत एकच कप्पा असतो. तिथे आधी जुनं पुसावं लागतं आणि मगच नवं लिहिता येतं. मधेच बॅटरी उतरली, तर जुनंही गेलं आणि नवंही नाही! तो कॉम्प्युटर बंद पडतो आणि कधी कधी गाडी सुरूही होत नाही. म्हणून गॅरेजमध्ये बॅटरीला बाहेरून वीज देतात आणि स्टेअरिंगखालच्या सॉकेटमध्ये केबल लावून सॉफ्टवेअर भरतात.

अमेरिकेत दोन्ही प्रकारच्या दुरुस्त्यांना 'रिकॉल'च म्हणतात. त्यामुळे घरी रिकॉलचं पत्र आलं, तर नुसतं शीर्षक वाचून थांबू नका. दुरुस्ती कशी होणार, हे पत्रात लिहिलेलं असतं. वायर किंवा भाग बदलायचा असेल, तर स्क्रीनवर 'अपडेट पूर्ण' असं दिसलं तरी गाडी न्यावीच लागेल.

शब्दार्थ
यंत्रणा – एकत्र काम करणारे भाग
पाना – नट घट्ट किंवा सैल करायचं हत्यार
कप्पा – वेगळी केलेली जागा
डिकी – गाडीत मागे सामान ठेवायची जागा
झिजणे – घासून घासून खराब होणे

प्रश्न
१. ब्रेकची दुरुस्ती हवेतून का होऊ शकली?
२. मेमरीत दोन कप्पे असल्याचा फायदा काय?
३. गाडीचा हॉर्न वाजत नाही. तो अपडेटने दुरुस्त होईल का? हे ठरवण्याआधी तुम्ही काय विचाराल?