धड्याचे पान, तक्त्याच्या ओळी



राहात्याच्या बाजूला एका शाळेत मी दहावीला गणित शिकवतो. एकदा वर्गसमीकरणांवर वीस गुणांची चाचणी घेतली. एका मुलीला आठ गुण मिळाले. "हिला धडा समजला नाही," असे म्हणून मी तो सबंध धडा तिला पुन्हा शिकवायला घेतला. पण ती तर सगळे आधीच सांगत होती! मग पेपर पुन्हा काढला. गेलेल्या बारा गुणांपैकी दहा गुण एकाच ठिकाणी गेले होते. जिथे जिथे कंसाचा वर्ग उलगडायचा होता, तिथे तिथे ती अडली होती. वर्गविस्तार हा सातवीच्या दुसऱ्या सत्रातला धडा. त्या वर्षी ती आईबापांबरोबर ऊसतोडीला फिरत होती. तो धडा तिच्या पदरी पडलाच नव्हता.

चूक माझी होती. वीसपैकी दहा गुण मी नकळत वर्गविस्ताराला दिले होते, आणि वर चाचणीला नाव दिले होते 'वर्गसमीकरणे'. प्रश्न निवडण्यापूर्वी सरावसंचाचा तक्ता मांडला असता, तर हे आधीच दिसले असते. अध्यापक विद्यालयात आपण ज्याला संविधान तक्ता म्हणतो, त्याच्याही आधीची ही पायरी आहे. पुस्तकाच्या पानाचे फोटो काढून ती कशी करावी, ते आज सांगतो.

पहिले काम फोटोचे. पुस्तक खिडकीजवळ सपाट ठेवावे, उजेड बाजूने यावा, आणि आपल्याच हाताची सावली पानावर पडू देऊ नये. एका फोटोत एकच पान घ्यावे. शिवणीकडे पान वळते तिथली अक्षरे वाकडी येतात, म्हणून पान हलकेच दाबून धरावे. पण फोटो काढण्याच्या आधी एक गोष्ट करा : पानावरचे उपप्रश्न बोटाने मोजून आकडा कागदावर लिहा. समजा, सहा प्रश्न आहेत. त्यांत दुसऱ्याला सहा, तिसऱ्याला सहा आणि चौथ्याला दोन उपप्रश्न आहेत, बाकीचे तीन सुटे आहेत. म्हणजे एकूण सतरा. तक्त्यात ओळीही सतराच हव्यात, सहा नव्हेत. का, ते पुढे येईलच.

फोटोतला मजकूर अक्षरांत उतरवण्याची सोय आता साध्या फोनमध्येही असते. गूगल लेन्सने मजकूर निवडावा, त्याची नक्कल घ्यावी आणि ती स्प्रेडशीटमध्ये चिकटवावी. मराठी वाक्ये बहुधा बरी उतरतात. घात होतो तो गणिताचा. हे यंत्र ओळीने वाचते. ओळीच्या वर चढलेला घातांक, अपूर्णांकाची आडवी रेघ आणि बारीक वजाचे चिन्ह त्याच्या हातून निसटतात. उपप्रश्न दोन-तीन रकान्यांत छापलेले असले, तर पहिल्यानंतर चौथा, मग दुसरा, असा क्रमही लागतो. खालच्या वर्गांच्या पुस्तकांत देवनागरी ४ चा इंग्रजी 8 होतो. उपप्रश्न गळला, तर आपला सतराचा आकडा ते पकडून देतो. चिन्हाची चूक मात्र मोजून सापडत नाही.

एक उदाहरण घ्या. kx² − 8x + 6 = 0 या समीकरणाचे एक मूळ 3 आहे, तर k काढा. इथे 9k − 24 + 6 = 0, म्हणून k = 2. आता यंत्राने घातांक खाली उतरवून kx2 लिहिले आणि आपण तो गुणाकार समजलो, तर 6k − 24 + 6 = 0 होते आणि k = 3 येतो. हेही उत्तर पूर्णांकी, नीटनेटके! उत्तराकडे बघून कुणाला शंका येणार नाही. म्हणून उतरवलेले प्रत्येक उदाहरण एकदा स्वतः सोडवा आणि पुस्तकामागच्या उत्तरसूचीशी ताडून पाहा. एवढे केल्यावाचून ते चाचणीत घेऊ नका.

आता तक्ता. प्रत्येक उपप्रश्नाला एक ओळ द्यायची. कारण मथळा एक असला तरी आतली उदाहरणे सारखी नसतात. 'वर्गसमीकरण आहे का ते ठरवा' या एका मथळ्याखाली x² + 7x − 3 = 0 असू शकते आणि (x + 2)² = x² + 9 देखील असू शकते. पहिले नजरेनेच कळते. दुसऱ्यात वर्ग दिसतो खरा, पण कंस उलगडला की दोन्हीकडचे x² जातात आणि 4x − 5 = 0 उरते; ते वर्गसमीकरण नाहीच. हे कंस उलगडल्यावाचून कळत नाही. म्हणून 'घटक' या रकान्यात धड्याचे नाव लिहू नका. ज्यावाचून मुलाचे गाडे अडेल ती गोष्ट लिहा.

| क्रमांक | प्रकार | घटक | काठिण्य | गुण | निवड |
|---|---|---|---|---|---|
| 2 (1) | ओळखा | सामान्यरूप | सोपा | 1 | हो |
| 2 (4) | ओळखा | वर्गविस्तार | कठीण | 1 | हो |
| 3 (2) | रूपांतर करा | वर्गविस्तार | मध्यम | 2 | |
| 5 | किंमत काढा | किंमत ठेवणे | सोपा | 2 | हो |

काठिण्याचा रकाना सर्वांत फसवा. आपल्याला जे अवघड वाटते, ते मुलांना तसे वाटतेच असे नाही. (x + 2)² चा प्रश्न मी सोपा धरला होता. तीस मुलांपैकी आठांनीच तो बरोबर सोडवला. k चा प्रश्न कठीण म्हणून शेवटी ठेवला होता. तो बावीस जणांना आला. त्यात नुसती किंमत ठेवायची असते ना! तेव्हा पहिला अंदाज पेन्सिलीने लिहावा आणि चाचणीनंतर बरोबर उत्तरांचे शेकडा प्रमाण काढून तो दुरुस्त करावा. सत्तरच्या वर गेला तर सोपा, तीसच्या खाली राहिला तर कठीण, मधला तो मध्यम. कोरी सोडलेली उत्तरे वेगळी मोजावीत, कारण शेवटचे प्रश्न वेळ संपल्यामुळेही राहतात. हा आकडा आपल्या एका वर्गाचा आहे, हेही ध्यानात असू द्यावे. पुढल्या वर्षीच्या मुलांना तो जसाच्या तसा लागू पडेल असे नाही.

शेवटी बेरीज. चाचणीसाठी घेतलेल्या प्रश्नांपुढे 'निवड' या रकान्यात 'हो' लिहा. क्रमांकाचा रकाना A, तर घटक C मध्ये, गुण E मध्ये आणि निवड F मध्ये येते. मग तक्त्याबाहेरच्या रकान्यातल्या रिकाम्या चौकटीत हे सूत्र लिहावे :

```
=SUMIFS(E:E,C:C,"वर्गविस्तार",F:F,"हो")
```

निवडलेल्या प्रश्नांत वर्गविस्ताराला किती गुण गेले, ते लगेच कळते. एक सांभाळा : घटकाचे नाव सगळीकडे एकाच तऱ्हेने लिहा. एका ओळीत 'वर्गविस्तार' आणि दुसरीत 'वर्ग विस्तार' लिहिले, तर दुसरी ओळ बेरजेत येत नाही. संगणक नसेल तर वहीत रेघा मारूनही हेच करता येते. फक्त बेरीज हाताने करावी लागते.

पुढच्या चाचणीत मी वर्गविस्ताराला दहाऐवजी चारच गुण ठेवले, आणि ते प्रश्न सलग, एकाखाली एक लावले. त्यामुळे कुणाचे नेमके काय राहिले आहे, ते पेपर तपासतानाच दिसू लागले. त्या मुलीला मी पुन्हा वर्गसमीकरणे शिकवली नाहीत. सातवीचे पुस्तक काढून दोन दुपारी तिच्याबरोबर बसलो, एवढेच.