चार अक्षरांत विमानतळाचा पत्ता

मुंबईच्या विमानाचं तिकीट काढलं की त्यावर BOM असतं, पुण्याच्या तिकिटावर PNQ आणि छत्रपती संभाजीनगरच्या तिकिटावर IXU. तिकिटं आणि सामानाच्या चिठ्ठ्यांसाठी केलेली ही तीन अक्षरं विमान कंपन्यांच्या ‘आयाटा’ या संघटनेची आहेत. त्यांच्यावरून विमानतळ कोणत्या देशात आहे, हे कळत नाही.

वैमानिक, हवाई नियंत्रक आणि हवामान खातं मात्र चार अक्षरी संकेत वापरतात. त्यांच्या लेखी मुंबई VABB आहे आणि पुणे VAPO. ‘आयकाओ’ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचे हे संकेत पिनकोडसारखे डावीकडून वाचायचे असतात, आधी मोठा प्रदेश आणि मग गाव.

पहिलं V म्हणजे दक्षिण आशिया आणि त्याला लागून असलेला आग्नेय आशियाचा भाग. दुसरं अक्षर बहुधा देश सांगतं. नेपाळचं VN, श्रीलंकेचं VC, थायलंडचं VT. भारताच्या वाट्याला मात्र चार जोड्या आल्या आहेत. पश्चिमेला VA, उत्तरेला VI, पूर्वेला VE आणि दक्षिणेला VO. म्हणून दिल्ली VIDP, कोलकाता VECC आणि चेन्नई VOMM. उरलेली दोन अक्षरं त्या विमानतळाची स्वतःची. दिल्लीच्या DP मध्ये दिल्ली आणि पालम ही दोन्ही नावं दिसतात.

ही विभागणी राज्यांच्या सीमा पाळत नाही. कोल्हापूर VAKP आहे, पण महाराष्ट्रातच असलेलं सिंधुदुर्ग VOSR आहे. शेजारच्या गोव्यातलं दाबोळीही VOGO, म्हणजे दक्षिणेच्या गटात. तेव्हा VO दिसलं म्हणून विमानतळ महाराष्ट्राबाहेरचा आहे, असं धरून चालू नये.

आता मुंबईहून निघालेल्या एका विमानापुढे OMDB लिहिलेलं दिसलं, असं समजू. O हे प्रामुख्याने मध्यपूर्वेचं अक्षर, OM म्हणजे संयुक्त अरब अमिराती आणि DB म्हणजे दुबई. पाकिस्तान आपला शेजारी असला तरी O मध्येच मोडतो. कराचीचा संकेत OPKC आहे.

काही मोठ्या देशांना मात्र आख्खं पहिलं अक्षर मिळालं आहे. अमेरिकेच्या मुख्य भूमीला K, कॅनडाला C आणि ऑस्ट्रेलियाला Y. तिथे दुसऱ्या अक्षरात देश शोधायचा नसतो. न्यूयॉर्कच्या JFK ला K जोडलं की KJFK होतं. पण हवाई बेटांवरचं होनोलुलू अमेरिकेचं असूनही PHNL आहे, कारण P हे प्रशांत महासागराचं अक्षर. अनोळखी संकेत समोर आला की पहिलं अक्षर K, C किंवा Y आहे का, हे आधी पाहावं. तसं नसेल, तर बहुतेक वेळा पहिल्या दोन अक्षरांत देश सापडतो.