शुक्रवारचा डबा

दसऱ्याच्या संध्याकाळी ताईचा फोन आला. ती काही बोलायच्या आत मागून ओंकारची लांबलचक "ईऽऽ" ऐकू आली. ओंकार म्हणजे माझा भाचा, सहावीत आहे. शुक्रवारी वर्गात कुणाचा तरी वाढदिवस होता. सगळ्यांना समोसे मिळाले आणि डबा तसाच दप्तरात राहिला. शनिवार-रविवार सगळे गावाला गेले होते, सोमवारी दसरा. दुसऱ्या दिवशीचं दप्तर भरायला घेतलं तेव्हा त्याचा हात डब्याला लागला. झाकण वर फुगलेलं होतं. त्यानं एका बाजूची क्लिप उघडली तर 'फुस्स' असा आवाज झाला आणि पाठोपाठ वास आला.

"टाकून दे म्हणतेय तर टाकत नाहीये," ताई म्हणाली. "मावशीला दाखवतो म्हणतोय."

मी कॉलेजात सव्वीस वर्षं सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं. त्यामुळे आमच्या घरात नासलेल्या दुधापासून बुरशी आलेल्या पावापर्यंत सगळं माझ्याकडे येतं. दोन इमारती सोडून तर राहतात. डबा गॅलरीत न्या, उघडा ठेवा, पण नाक जवळ नेऊ नका, एवढं सांगून मी निघाले.

डब्यात तीन गोष्टी होत्या: गुंडाळी केलेल्या तीन पोळ्या, उकडलेल्या बटाट्याची कांदा घातलेली भाजी आणि कोपऱ्यात छोट्या वाटीत लिंबाच्या लोणच्याची फोड. तिघांनी एकाच डब्यात, एकाच उकाड्यात साडेतीन दिवस काढले होते. पण तिघांची गत सारखी नव्हती. भाजीला पाणी सुटलं होतं, तिच्यावर बारीक बुडबुडे होते आणि चमच्यानं उचलली तर तार यायची. पोळ्यांवर हिरवट ठिपके होते आणि एका जागी करड्या कापसासारखं काहीतरी उगवलं होतं. त्या कापसात टाचणीच्या टोकाएवढे काळे मणी होते. लोणच्याची फोड मात्र जशीच्या तशी होती.

ओंकारचा पहिला प्रश्न होता, "मावशी, आईनं तर सगळं गरम गरम भरलं होतं. मग जंतू आले कुठून?"

त्याचं उत्तर त्या 'गरम गरम' मध्येच आहे. तव्यावर आणि कढईत बहुतेक जंतू मरतात हे खरं. पण बटाटा मातीत वाढतो आणि मातीतल्या काही जिवाणूंना एक युक्ती साधलेली असते. दिवस वाईट आले की ते जाड कवच चढवून झोपी जातात. या कवचातल्या अवस्थेला बीजाणू म्हणतात. उकळतं पाणीही यांतल्या अनेकांना मारू शकत नाही. भाजी निवली, कोमट झाली की ते जागे होतात, आणि तोवर त्यांचे सगळे स्पर्धक शिजून मेलेले असतात. बुरशीची गोष्ट निराळी. तिचे बीजाणू हवेतून येतात. तव्यावरून उतरलेली पोळी ताटलीत पडून असते, तिला हात लागतात, फडकं लागतं, तेवढ्या वेळात ते तिच्यावर बसतात.

त्यात ताईनं सकाळी साडेसहाला वाफाळती पोळी घालून घट्ट झाकण लावलं. वाफ झाकणाला लागून थंड झाली, तिचे थेंब झाले आणि ते पोळीवर टपकले. हे मी म्हटल्यावर ताईनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मला लहानपणापासून ओळखीची आहे. पण हिरवे ठिपके सगळ्यांत दाट होते ते गुंडाळीच्या वरच्या बाजूला, झाकणाखालीच. जी कड भाजीला टेकली होती तिथे बुरशी नव्हती, नुसता बुळबुळीत लगदा होता. ओल भरपूर असली की जिवाणू बुरशीच्या पुढे धावतात. जरा कोरडं असलं की बुरशीचं राज्य.

मग आम्ही वहीत गणित मांडलं. समजा सकाळी आठला भाजी कोमट झाली तेव्हा एका ग्रॅममध्ये दहा जिवाणू जागे होते. ऑक्टोबरच्या उकाड्यात बंद दप्तरात ते अर्ध्या तासाला दुप्पट होतात असं धरू. दहाचे वीस, विसाचे चाळीस. पाच तासांत दहा वेळा दुप्पट, म्हणजे दुपारी एकला साधारण दहा हजार. इतक्यानं भाजीला काहीही झालेलं कळत नाही. ओंकारनं तेव्हा ती खाल्ली असती तर चवही नेहमीचीच लागली असती. पण पुढच्या पाच तासांत आणखी दहा वेळा दुप्पट झाले, तर संध्याकाळी सहाला ते एक कोटीच्या वर जातात. आपल्या नाकाला आंबूस वास कळू लागतो तो साधारण या आकड्याच्या आसपास. प्रत्यक्षात सुरुवात जरा रेंगाळत होते आणि पुढे अन्न संपत आलं, आम्ल साचलं की वेगही मंदावतो. तरी अंदाज यायला हा हिशोब पुरतो.

"म्हणजे शुक्रवारी संध्याकाळीच ती गेली होती?"

"हो. पुढचे तीन दिवस नुसता धिंगाणा."

त्या धिंगाण्यात जिवाणू बटाट्यातला स्टार्च तोडून साखर करतात, साखर आंबवतात आणि त्यातून आम्लं व वायू सुटतात. आम्लानं आंबूस वास आला, वायूनं झाकण फुगलं. ओंकारला 'फुस्स' चा उलगडा झाला आणि त्याचा चेहरा उजळला. इडलीचं पीठ रात्रीत फुगतं तेही असंच, पण तिथे कोण वाढणार हे बरंचसं आपण ठरवलेलं असतं. डब्यात ज्याच्या हाती ससा तो पारधी.

"मग वास आला नाही तर खायला हरकत नाही ना?" मला भीती होती तोच प्रश्न आला. मोठी माणसंही या भरवशावर जेवतात. वास करणारे जंतू आणि आजारी पाडणारे जंतू नेहमी एकच नसतात. उदाहरण आपल्याच घरातलं आहे: रात्रीचा भात ओट्यावर झाकून ठेवायचा आणि सकाळी फोडणीचा भात करायचा. तांदळातही मघासारखा एक कवचधारी जिवाणू असतो, 'बॅसिलस सेरियस' त्याचं नाव. रात्रभर कोमट भातात तो वाढतो आणि एक विष तयार करतो. त्याला ना वास, ना रंग. फोडणीच्या कढईत जिवाणू मरतील, पण हे विष उष्णतेला दाद देत नाही. खाल्ल्यावर तासा-दोन तासांत किंवा चार-पाच तासांत उलट्या सुरू होतात आणि दोष जातो फोडणीतल्या तेलाला. हातावरून, नाकातून अन्नात जाणारा स्टॅफिलोकॉकस नावाचा जिवाणूही असंच, उकळूनही न जाणारं विष सोडतो. म्हणून उरलेलं अन्न 'पुन्हा चांगलं गरम करू' हा उपाय उशिराचा ठरतो. भात तासाभरात पसरट ताटात निववून फ्रीजमध्ये टाकला, तर सकाळी खुशाल फोडणी द्या. फ्रीजमध्ये जंतू मरत नाहीत, त्यांचं दुप्पट होणं फार लांबतं.

ओंकारनं तोवर काडीनं गुंडाळी उलगडली होती. आतली पोळी पांढरी स्वच्छ दिसत होती. "एवढी तर चांगली आहे." मी त्याला भिंग दिलं. हिरवा ठिपका म्हणजे बुरशीचा फुलोरा, बीजाणू पिकलेली जागा. तिचे धागे त्याआधीच पोळीत सगळीकडे पसरलेले असतात, आणि ते इतके बारीक आणि रंगहीन असतात की फुलोरा येईपर्यंत दिसतच नाहीत. पोळी, पाव, भात असल्या मऊ, ओलसर पदार्थांत हिरवं खरवडून उरलेलं खाण्यात म्हणूनच अर्थ नाही. काही बुरश्या विषही करतात आणि तेही भाजल्यानं पुरतं जात नाही.

आता राहिलं लोणचं. त्याच्यावरही बीजाणू बसलेच असणार, पण त्यांना प्यायला पाणी मिळेना. लोणच्यात ओलावा दिसतो, पण मिठानं तो धरून ठेवलेला असतो. उलट खारात पडलेल्या जंतूच्याच पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं. वर लिंबाचा आंबटपणा, ज्यात बहुतेक जिवाणूंना वाढता येत नाही. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घालू नका म्हणून आजी ओरडायची, ते याचसाठी. चमच्याबरोबर गेलेल्या थेंबाभोवती मीठ पातळ होतं, तेवढ्याच जागी वाढायला वाव मिळतो आणि पांढरी साय धरते. बरणी तिथून नासायला लागते.

पुढच्या शुक्रवारी ओंकारनं स्वतःच प्रयोग लावला. एकाच कणकेच्या चार पोळ्या, चार पारदर्शक पिशव्या. पहिली वाफाळती भरली, दुसरी जाळीवर निववून, तिसरी खाखऱ्यासारखी कडक भाजून, चौथी निववून फ्रीजमध्ये. पिशव्या उघडायच्या नाहीत, बाहेरूनच बघायचं, ही माझी अट. रविवारी संध्याकाळी पहिलीवर ठिपका दिसला, दुसरीवर मंगळवारी. तिसरी आणि चौथी पुढच्या शुक्रवारीही निर्मळ होत्या. एका पिशवीवरून सिद्ध काही होत नाही, पण तेव्हापासून ताईच्या ओट्यावर सकाळी पोळ्या पंख्याखाली जाळीवर पसरलेल्या असतात. ती म्हणते, पाच मिनिटं लवकर उठावं लागतं.

डबा धुताना एक जागा सुटते, ती म्हणजे झाकणातली रबरी रिंग. तिच्या खाचेत ओल आणि कण अडकतात आणि बुरशी तिथे मुक्काम करते. दुसऱ्या दिवशी डबा स्वच्छ असूनही उग्र वास येतो तो बहुधा तिथून. आम्ही रिंग काढली, गरम पाण्यात साबण घालून घासली आणि उन्हात वाळवली.

मग दप्तर उलटं करून झटकलं. पुढच्या कप्प्यातून कागदात बांधलेली तिळगुळाची वडी पडली. संक्रांतीची! नऊ महिने झाले होते. तिच्यावर ना ठिपका, ना तार, ना बुडबुडा. ओंकार विजयी मुद्रेनं म्हणाला, "गुळानं पाणी धरून ठेवलं!" बरोबर होतं. पण वास घेतला आणि त्यानं नाक मुरडलं. जुन्या तेलासारखा, खवट.

"पण मावशी, यात तर जंतू वाढलेच नाहीत. मग हिला कुणी नासवलं?"

वडीत दाण्याचं कूट होतं. त्यातलं तेल आणि हवेतला प्राणवायू, दोघांनीच नऊ महिने हे काम केलं होतं. ओंकारनं वहीचं नवं पान उघडलं आणि वर लिहिलं: 'हवा'.