प्रसंग संपतो, भीती का संपत नाही?

आग, अपघात किंवा भूकंप अनुभवलेले मूल काही दिवस घाबरते, आईला बिलगते, झोपेत दचकते. हे स्वाभाविक दुःख होय; बहुतेक मुलांत ते काही आठवड्यांत ओसरते. आघातोत्तर तणाव-विकारात मात्र भीतीची स्मृतीच निराळ्या रीतीने वागते.

माझ्याकडे आलेल्या दोन भावंडांचे उदाहरण घेऊ. ओळख पटू नये म्हणून तपशील किंचित बदलले आहेत. घरात गॅसचा भडका उडून आई भाजली, सुदैवाने वाचली. त्या क्षणी शेजारच्या शेगडीवर कुकरची शिट्टी होत होती. १२ वर्षांची ताई दोन आठवडे रडली; पण विचारले असता ती सारा प्रसंग क्रमाने सांगे आणि सांगून झाल्यावर खेळायला जाई. तिच्यापुरती ती घटना भूतकाळात जमा झाली होती. ८ वर्षांच्या धाकट्याला मात्र सात आठवड्यांनी, पोटदुखी आणि अभ्यासातील दुर्लक्ष या तक्रारींसाठी आणले. चौकशीअंती कळले, की शेजारच्या घरी कुकरची शिट्टी झाली तरी तो थरथरतो, आणि आता वाहतूक पोलिसाच्या शिट्टीनेही तसेच होते. तो स्वयंपाकघरात पाऊल टाकत नसे, रात्री जागा राही आणि भातुकलीत 'आग लागली' हा एकच खेळ निर्विकार चेहऱ्याने खेळे.

मेंदूतील अमिग्डाला शिट्टी आणि संकट यांची सांगड एकाच प्रसंगात घालतो. हा धोका कोठला, केव्हाचा, ही नोंद हिप्पोकॅम्पसची. आघाताच्या वेळी ती नोंद दुबळी राहते, असे मानले जाते. म्हणून कोठलीही शिट्टी 'आत्ताचीच' वाटते. एरवी निरुपद्रवी शिट्टी वारंवार ऐकून 'ही सुरक्षित आहे' अशी नवी स्मृती तयार होते आणि मेंदूचा पुढचा भाग तिच्या आधारे अमिग्डालाला आवरतो. जुनी स्मृती पुसली जात नाही, केवळ दबते. कान झाकून पळणाऱ्या मुलाला हे नवे शिकण्याची संधीच मिळत नाही. शिवाय नॉरअ‍ॅड्रिनॅलिनच्या अतिरेकी प्रतिसादाने शरीर सतत पहाऱ्यावर राहते. लक्ष धोका शोधण्यात गुंतते, आणि वर्गात ते चंचलतेसारखे दिसते.

म्हणून निदान करताना चार गोष्टी विचाराव्यात: नको असताना येणाऱ्या आठवणी, टाळाटाळ, मनःस्थितीतील व विचारांतील बदल, आणि अतिजागृती. त्या एक महिन्याहून अधिक टिकून शाळा-झोप-खेळ यांत अडथळा आणत असतील, तर ते साधे दुःख नव्हे. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी निकष थोडे वेगळे आहेत.

उपचारात डायझेपामसारखी औषधे टाळावीत. 'शूर हो' हा उपदेशही निरुपयोगी. या मुलाला बालमानसतज्ज्ञांकडे पाठवले. तेथे पालकांसह आघातकेंद्रित वर्तनोपचार झाला: प्रथम प्रसंग चित्रांतून क्रमाने मांडणे, मग ध्वनिमुद्रित शिट्टी अगदी हळू, पुढे मोठ्याने, आणि शेवटी आईसोबत स्वयंपाकघरात. प्रत्येक पायरीवर धडधड ओसरेपर्यंत थांबणे महत्त्वाचे. मध्येच पळाल्यास टाळाटाळच पक्की होते. चार महिन्यांत तो नीट झोपू लागला. दिवाळीतल्या फटाक्यांनी भीती पुन्हा डोके वर काढील, हे पालकांना आधीच सांगितले होते. तसे झालेही, पण त्याच पायऱ्या पुन्हा चढताच ती आठवड्याभरात निवळली.